पैसे वाटेत असतात तेव्हा वहीत काय लिहायचे?

रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांबाबत एक परिपत्रक काढले. त्यात यूपीआयचा एक नेमका प्रसंग दिला आहे. ग्राहकाच्या खात्यातून पैसे कापले गेले, पण ते मिळाल्याची पुष्टी दुकानदाराकडे पोचलीच नाही. असे पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप ग्राहकाला परत गेले पाहिजेत आणि त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असा नियम आहे. ग्राहकाला हा नियम दिलासा देतो. हिशेब लिहिणाऱ्याने मात्र तो दुसऱ्या बाजूनेही वाचावा: एखादा व्यवहार पाच दिवस अधांतरी राहू शकतो, हे त्यात गृहीतच धरले आहे. तेवढे दिवस हिशेबाच्या वहीत त्या पैशांबद्दल काहीतरी लिहिलेले असावे लागते, आणि ते खोटे असून चालत नाही.

पुष्टी उशिरा का येते? यूपीआयचा एक व्यवहार बऱ्याच हातांतून जातो. ग्राहकाच्या फोनमधल्या ॲपकडून विनंती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या मधल्या यंत्रणेकडे जाते, तिथून ग्राहकाच्या बँकेकडे. ती बँक पैसे कापते. मग दुकानदाराच्या बँकेला पैसे जमा करायला सांगितले जाते आणि उत्तर त्याच साखळीतून परत येते. दुकानदाराने मध्ये पेमेंट गेटवे घेतला असेल तर आणखी एक कडी वाढते. यातल्या कोणत्याही टप्प्यावर उत्तर अडकू शकते. वाट पाहणाऱ्याला कळते ते एवढेच, की उत्तर आलेले नाही. विनंती पोचण्याआधीच हरवली की काम होऊन उत्तर हरवले, हे नुसत्या शांततेवरून ओळखता येत नाही. पुढचे सगळे या एका गोष्टीवर उभे आहे.

एक छोटे उदाहरण घेऊ. पुण्यातली विद्यार्थ्यांची एक खानावळ आहे असे समजा. विद्यार्थी आगाऊ पैसे भरतात आणि प्रत्येक जेवणाचे ८० रुपये त्यातून वजा होतात. बहुतेक ठिकाणी अशा कामासाठी जी प्रणाली पहिल्यांदा लिहिली जाते, तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्यासमोर ‘शिल्लक’ नावाचा एक रकाना असतो. पैसे आले की तो आकडा वाढवायचा, जेवण झाले की घटवायचा. उत्तर पंधरा मिनिटांत आले नाही, तर व्यवहार फसला असे मानायचे.

आता १७ क्रमांकाच्या विद्यार्थिनीचे पाहू. ३० एप्रिलच्या रात्री तिच्या खात्यात १६० रुपये आहेत. ८ वाजून ४० मिनिटांनी ती ३,००० रुपये भरते. बँकेतून पैसे कापल्याचा संदेश तिला येतो, पण खानावळीच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. ती जेवते, ८० रुपये उरतात. ८ वाजून ५२ मिनिटांनी ती पुन्हा ३,००० रुपये भरते आणि हे लगेच जमा होतात. पहिल्या भरण्याची पुष्टी थेट २ मे रोजी सकाळी ११ वाजता येते, आणि पाच मिनिटांनी तीच पुष्टी पुन्हा येते. गेटवे असे संदेश मुद्दाम पुन्हा पाठवतात, कारण पहिला पोचला की नाही याची त्यांनाही खात्री नसते.

एका रकान्याच्या वहीत यातून काय होते? व्यवहार पंधरा मिनिटांनी ‘फसला’ म्हणून बंद झालेला असल्याने प्रणालीने उशिराची पुष्टी नाकारली, तर विद्यार्थिनीचे ३,००० गेले. स्वीकारली, तर दुसऱ्या संदेशाने ते दोनदा चढले. कोणीतरी हाताने दुरुस्ती करायला गेले, तर आधीचा आकडा पुसला जातो आणि महिन्याभराने वाद निघाला की दाखवायला काहीच उरत नाही. रकान्यात नुसते उत्तर असते. ते कसे आले, हे तिथे कुठेच लिहिलेले नसते.

आपल्या जुन्या पेढ्यांवर हा प्रश्न वेगळ्या रूपात होताच. कीर्दीत रोजचे व्यवहार ओळीने लिहीत, त्यांची खातेवार मांडणी खतावणीत होई, आणि ज्या रकमेचा निकाल लागलेला नाही ती उचंत खात्यात राही. चुकलेली ओळ खोडायची नाही, तिची उलट नोंद करायची, अशी शिस्त होती. इटलीत लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची जी पद्धत सांगितली आहे, तिचेही सूत्र हेच आहे: प्रत्येक रकमेला दोन बाजू, आणि दोन्हींचा मेळ बसलाच पाहिजे. उशिराच्या पुष्टीसाठी वेगळे शास्त्र लागत नाही. ही शिस्त संगणकाला नीट सांगावी लागते.

खानावळीची वही मग अशी होते. विद्यार्थिनीची दोन खाती: एक वापरता येणाऱ्या पैशांचे आणि एक वाटेतल्या पैशांचे, म्हणजे तिचे उचंत. खानावळीच्या बाजूला गेटवेकडून येणे, बँक आणि जेवणाचे उत्पन्न. जमेची रक्कम अधिक आणि नावेची उणे लिहायची, आणि एका घटनेच्या सगळ्या ओळींची बेरीज शून्य आली पाहिजे. या पद्धतीत गेटवेकडचे येणे आणि बँकेतले पैसे उणे दिसतात. तो तोटा नव्हे, ती नावेची बाजू आहे. डेटाबेसमधला तक्ता एवढाच:

```sql
CREATE TABLE entries (
  event_key   TEXT        NOT NULL,
  account     TEXT        NOT NULL,
  paise       BIGINT      NOT NULL,
  happened_at TIMESTAMPTZ NOT NULL,
  recorded_at TIMESTAMPTZ NOT NULL DEFAULT now(),
  UNIQUE (event_key, account)
);
```

रक्कम पैशांत आणि पूर्णांकात आहे, कारण दशांश अपूर्णांक संगणकात साठवताना कधीकधी किंचित घसरतात आणि ती घसरण हिशेबात साचत जाते. ‘शिल्लक’ नावाचा रकाना कुठेच नाही. शिल्लक म्हणजे त्या खात्याच्या सगळ्या ओळींची बेरीज. वेगासाठी बेरीज कुठे साठवून ठेवली तरी हरकत नाही, पण ती केव्हाही पुसून ओळींवरून पुन्हा काढता आली पाहिजे. या तक्त्यातली ओळ बदलायची किंवा काढून टाकायची परवानगी प्रणालीच्या कोणत्याही भागाला नसावी.

विद्यार्थिनीने ‘पैसे भरा’ दाबले की गेटवेकडे विनंती जाण्याआधी खानावळ स्वतःचा क्रमांक देते, समजा `p-1042`, आणि पहिली नोंद लिहिते. पुष्टी आली की दुसरी.

```
p-1042:pending   s17:pending     +300000
p-1042:pending   gateway:due     -300000

p-1042:settled   s17:pending     -300000
p-1042:settled   s17:available   +300000
```

पहिल्या नोंदीने तिला खर्चायला काहीच मिळत नाही. वाटेत ३,००० आहेत एवढे वहीला कळते. दुसऱ्या नोंदीने ते पैसे उचंतातून वापराच्या खात्यात येतात. गेटवेने पुढे खानावळीच्या बँकेत रक्कम भरली की तिसरी नोंद होते आणि गेटवेकडचे येणे मिटते. पुष्टी मिळणे आणि पैसे बँकेत पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या एकच धरल्या की बँकेच्या पासबुकाशी वहीचा मेळ कधीच बसत नाही.

शेवटच्या `UNIQUE` ओळीचे काम सगळ्यांत मोठे आहे. २ मे रोजी ११ वाजून ५ मिनिटांनी तीच पुष्टी पुन्हा आली, तेव्हा प्रणाली पुन्हा `p-1042:settled` लिहायला गेली. त्या नावाची नोंद आधीच असल्यामुळे डेटाबेसने ती घेतली नाही. शिल्लक बदलली नाही. इथे एक बारकावा सुटतो आणि मग त्रास होतो: नोंद नाकारली गेली तरी गेटवेला उत्तर ‘मिळाले’ असेच द्यायचे. त्रुटी कळवली, तर तो संदेश तासन्‌तास पुन्हा पुन्हा येत राहील. आणि एका घटनेच्या सगळ्या ओळी एकाच फटक्यात लिहिल्या गेल्या पाहिजेत. दोनपैकी एक ओळ लिहून वीज गेली, असे होऊ देता कामा नये.

दुसऱ्या भरण्याचा क्रमांक वेगळा, `p-1043`. रक्कम तीच, विद्यार्थिनी तीच, अंतर बारा मिनिटांचे, म्हणून हे चुकून दोनदा नोंदलेले एकच भरणे असेल असा निष्कर्ष काही प्रणाली काढतात आणि एक गाळून टाकतात. तसे कधीच करू नये. तिच्या बँकेतून दोन्ही वेळा पैसे गेले आहेत. दोन व्यवहार एकच आहेत की नाहीत, हे फक्त क्रमांक सांगू शकतो.

आता पंधरा मिनिटांच्या घड्याळाकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हा, की घड्याळाला वहीत लिहिण्याचा अधिकार द्यायचा नाही. पंधरा मिनिटांनी पडद्यावर ‘अजून पुष्टी नाही, पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका’ असे जरूर दाखवावे. गेटवेला आपणहून स्थिती विचारावी, आधी थोड्या थोड्या वेळाने, मग अंतर वाढवत. पण उचंतातली रक्कम तिथून हलते ती गेटवेने किंवा बँकेने निश्चित उत्तर दिल्यावरच. वेळ संपली, एवढ्यावरून पैसे आले नाहीत असे ठरत नाही.

निश्चित उत्तरही कधी फिरते. गेटवे आधी ‘फसला’ कळवतो, आपण उचंतातली रक्कम उलट नोंदीने काढतो, आणि काही तासांनी ‘यशस्वी’ येते. अशा वेळी जुनी नोंद खोडायची नाही. `p-1042:reopened` अशी नवी नोंद करून रक्कम पुन्हा उचंतात आणायची आणि मग नेहमीसारखी `p-1042:settled`. वही वाचणाऱ्याला तिन्ही वळणे दिसतात. संदेश उलट्या क्रमानेही येतात, म्हणजे पैसे परत गेल्याचा निरोप आधी आणि यशाचा नंतर. त्यासाठी प्रत्येक संदेश आला तसा आवक तक्त्यात ठेवावा आणि खात्यांतल्या ओळी लिहिण्याआधी गेटवेकडून त्या व्यवहाराची आजची स्थिती विचारून घ्यावी. संदेश आला म्हणजे काहीतरी घडले एवढे नक्की. नेमके काय घडले, ते विचारूनच लिहावे.

विद्यार्थिनीचा आकडा आता जोडून पाहू. ३० एप्रिलच्या रात्री जेवणानंतर ८० रुपये होते, `p-1043` चे ३,००० आले, वापरायला ३,०८० झाले. वाटेत ३,०००. १ मे रोजी दोन जेवणे झाली, उरले २,९२०. २ मे रोजी ११ वाजता `p-1042` निश्चित झाले: वापरायला ५,९२०, वाटेत शून्य. ती म्हणाली, मला एकाच महिन्याचे भरायचे होते, एक रक्कम परत करा.

परत करतानाचा क्रम उलटा असतो. येणारे पैसे आपण पुष्टी मिळेपर्यंत मोजत नाही. जाणारे पैसे मात्र परतीची विनंती पाठवण्याआधीच वापराच्या खात्यातून काढायचे. रिफंडला स्वतःचा क्रमांक `r-7` मिळतो, ३,००० रुपये `s17:available` मधून `s17:refund_pending` मध्ये जातात, आणि मगच विनंती गेटवेकडे निघते. शिल्लक त्या क्षणी २,९२० होते. बँकेने पैसे पोचल्याचे कळवले की ते खाते रिकामे होते आणि गेटवेकडचे येणे तेवढ्याने कमी होते. रिफंड फसला तर रक्कम तिच्या वापराच्या खात्यात परत येते. आधी विनंती पाठवून नंतर वजा करायचे ठरवले, तर मधल्या वेळेत तेच पैसे खर्च होऊ शकतात, किंवा कोणी दोनदा बटण दाबले तर दोन रिफंड निघतात. रिफंडाला वेगळा क्रमांक देण्याचे आणखी एक कारण आहे. ३,००० पैकी आज १,००० आणि पुढच्या आठवड्यात ५०० परत द्यायचे झाले, तर `p-1042` च्या नावाने एकच ‘उलटले’ अशी खूण पुरत नाही.

उलट नोंद कोणत्या खात्यावर पडेल, हे पैसे त्या वेळी कुठे आहेत यावर ठरते. पुष्टी आलीच नाही आणि बँकेने नियमाप्रमाणे पैसे परत केले, तर उलट नोंद उचंतावर पडते. वापराच्या शिल्लकेला धक्का लागत नाही. पण पैसे जमा होऊन त्यातून जेवणे झाल्यावर बँकेने तक्रारीवरून रक्कम परत घेतली, तर ती वापराच्या खात्यातून जाते आणि खाते उणे होऊ शकते. ते होऊ द्यावे. शिल्लक शून्याच्या खाली जाऊच नये असा पक्का अडसर डेटाबेसमध्ये घातला, तर ही खरी घटना वहीत लिहिताच येणार नाही आणि खानावळीला आपले येणे दिसणार नाही. अडसर हवा तो जेवणाच्या नोंदीपुरता.

यातून खानावळीच्या मालकांचा नेहमीचा प्रश्नही सुटतो. पैसे वाटेत आहेत, पोरगी भुकेली आहे, तिला परत पाठवायचे का? नाही पाठवायचे. पण त्यासाठी वाटेतले पैसे आलेत असे वहीत लिहायची गरज नाही. तिला १६० रुपयांपर्यंत, म्हणजे दोन जेवणे, उधारीची मुभा द्यावी आणि खाते उणे जाऊ द्यावे. जेवण दोन्ही रीतींनी मिळतेच. फरक असा, की या रीतीत खानावळीने किती जोखीम घेतली आहे ते कोणत्याही क्षणी बेरीज करून कळते. वाटेतल्या पैशांना आलेले पैसे म्हटले, की ती जोखीम शिल्लकेत मिसळून जाते आणि पुन्हा वेगळी काढता येत नाही.

तक्त्यात दोन वेळा ठेवल्या आहेत: घटना कधी घडली आणि आपण ती कधी नोंदली. `p-1042` चे पैसे ३० एप्रिलला कापले गेले, पुष्टी २ मे रोजी नोंदली गेली. एप्रिलचा हिशेब १ तारखेला विद्यार्थिनीला पाठवून झाला असेल, तर तो मागे जाऊन बदलायचा का? बदलू नये. एप्रिलअखेर वापरायला ३,०८० आणि वाटेत ३,००० हे त्या दिवशी खरे होते, आणि तसेच छापले गेले. मे महिन्याच्या पानावर २ तारखेला ३,००० उचंतातून वापराच्या खात्यात आले, शेजारी मूळ तारीख ३० एप्रिल. वाटेतली रक्कम पहिल्या क्षणापासून वहीत असल्यामुळे दोन महिन्यांच्या सांध्यावर कुठेच भोक पडत नाही. महिन्याची शिल्लक `recorded_at` वरून काढायची आणि ग्राहकाला समजावताना `happened_at` दाखवायची, एवढी वाटणी पुरते. दोन्ही कामांना एकच तारीख वापरली, की बंद झालेला महिना रोज सकाळी वेगळा आकडा दाखवू लागतो.

वही बिघडली आहे हे ओळखायचे कसे? रोज रात्री तीन प्रश्न विचारावेत. पहिला, प्रत्येक घटनेच्या ओळींची बेरीज शून्य आहे का? नसेल तर दोष आपल्याच प्रणालीत आहे, आणि तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरा, एखाद्याच्या उचंतात उणे रक्कम आहे का? तसे दिसले तर कुठेतरी पहिली नोंद न होताच पुष्टी चढली, किंवा ‘फसला’नंतर पुन्हा न उघडता ‘यशस्वी’ लिहिले गेले. तिसरा, पाच दिवसांपेक्षा जुनी कोणती रक्कम वाटेत आहे? रिझर्व्ह बँकेच्या मुदतीनुसार तोवर पैसे इकडे किंवा तिकडे पोचलेले असायला हवेत. म्हणून अशा प्रत्येक व्यवहाराचा यूपीआयचा १२ आकडी संदर्भ क्रमांक घेऊन गेटवेकडे किंवा बँकेकडे माणसाने चौकशी करावी. रोज गेटवेकडून येणाऱ्या भरण्याच्या तपशिलाशी आपल्या नोंदी क्रमांकाने जुळवणे याच कामाचा भाग आहे. कधीकधी पुष्टीचा संदेश कायमचा हरवलेला असतो आणि `p-1042` चे नाव थेट त्या तपशिलात सापडते. पैसे बँकेत आलेले असतात. मग तोच तपशील पुष्टी मानून `p-1042:settled` लिहायचे. हरवलेला संदेश पुढे कधी उगवलाच, तर नोंद आधीच असल्याने तो काही बिघडवू शकत नाही.

ही वही एका ठिकाणी हमखास अपुरी पडते. विद्यार्थिनी गल्ल्यावर येऊन कापल्याचा संदेश दाखवते, मालक तिच्यावर विश्वास ठेवून ३,००० रुपये रोख देतात, आणि तीन दिवसांनी बँकही नियमाप्रमाणे तेच पैसे तिच्या खात्यात परत करते. यात कोणाची लबाडी नाही, पण खानावळीचे ३,००० गेले. रोख देण्याची वाट बंद करता येणार नाही, तिची गरज पडते. मात्र ती रोख `p-1042` च्या नावानेच नोंदली पाहिजे, `p-1042:cash` म्हणून: एका ओळीत गल्ल्यातून ३,००० वजा, दुसऱ्या ओळीत विद्यार्थिनीकडून ३,००० येणे. मग बँकेचा परतीचा संदेश येईल तेव्हा उचंत मिटेल आणि येणे तसेच उभे राहील. पुढच्या जेवणाच्या वेळी गल्ल्यावर बसलेल्याला पडद्यावर ते दिसेल. आणि पैसे परत न जाता उशिरा खानावळीकडेच जमा झाले, तर नेहमीची `p-1042:settled` नोंद होईल आणि मग तिच्या वापराच्या खात्यातून ३,००० वळवून ते येणे मिटवता येईल.